मुंबई ते न्यूयॉर्क: निघतानाची दिशा आणि बरोबर मधला पॉइंट कसा काढायचा

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबईवर बोट ठेवा आणि न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने सरळ रेघ मारा. ती जवळजवळ पश्चिमेला जाते, अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि मग अटलांटिक. आता घरात पोरांचा प्लास्टिकचा ग्लोब असेल तर तो घ्या, एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ताणला की तो आपोआप वर सरकतो, थेट स्वीडन-फिनलंडच्या अंगाला जातो आणि मग खाली अमेरिकेत उतरतो. हा ताणलेला दोरा म्हणजे ग्रेट सर्कलचा तुकडा, गोलाच्या पृष्ठभागावरचा सगळ्यात जवळचा रस्ता. या दोऱ्याबद्दल दोन गोष्टी आपण आकड्यात काढणार आहोत, एक म्हणजे मुंबईहून निघताना तोंड नेमकं कुठल्या दिशेला पाहिजे, आणि दुसरं म्हणजे दोऱ्याचा बरोबर मध्य कुठे पडतो. साधी स्प्रेडशीट पुरते, शाळेतलं साइन-कोसाइन नावापुरतं आठवत असलं तरी चालेल.

ग्लोब बाजूला ठेवून देऊ नका, शेवटी उत्तर बरोबर आहे का बघायला तोच लागणार आहे.

आधी आकडे नीट भरा

मला विचाराल तर चुकलेल्या उत्तरांपैकी बरीचशी फॉर्म्युल्यामुळे चुकत नाहीत, पहिल्या चार आकड्यांमुळे चुकतात. म्हणून इथे जरा थांबू.

मुंबई विमानतळ साधारण १९ अंश ५ मिनिटं २४ सेकंद उत्तर. हे स्प्रेडशीटमध्ये 19.0524 असं टाकायचं नाही. मिनिटं साठाची असतात, शंभराची नाही. २४ सेकंद म्हणजे ०.४ मिनिट, झाली ५.४ मिनिटं, त्याला ६० ने भागलं की ०.०९, म्हणजे खरा आकडा 19.09. दोन्हीत फरक ०.०४ अंशाच्या आसपास, ऐकायला काहीच नाही पण जमिनीवर चार किलोमीटरच्या वर जातो. त्यात हा फरक डोळ्याला दिसत पण नाही, कारण उत्तर 'जवळपास बरोबर' येतं.

दुसरी गोष्ट चिन्हाची. उत्तर आणि पूर्व प्लस, दक्षिण आणि पश्चिम मायनस. न्यूयॉर्क पश्चिमेला, म्हणून त्याचं रेखांश मायनस. तो मायनस राहिला तर तुमचं न्यूयॉर्क मध्य आशियात किरगिझस्तानात जाऊन बसतं, कारण मुंबई ७२.८७ पूर्व आणि न्यूयॉर्क ७३.७८ पश्चिम, आकडे जवळजवळ सारखे आणि बाजू उलट्या. ही जोडी मी मुद्दाम घेतलीय, कारण यात मायनस विसरला की लगेच पकडला जातो.

तर नवीन शीट उघडा आणि B कॉलममध्ये हे भरा. A मध्ये स्वतःला कळतील अशी नावं लिहून ठेवा, महिन्याभराने उघडाल तेव्हा बरं पडेल.

```
B1   19.09
B2   72.87
B3   40.64
B4   -73.78
B5   =RADIANS(B1)
B6   =RADIANS(B3)
B7   =RADIANS(B4-B2)
```

B1, B2 मुंबईचे अक्षांश-रेखांश, B3, B4 न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचे. खालच्या तीन सेलमध्ये अंशांचे रेडियन होतायत, कारण स्प्रेडशीट काय किंवा पायथॉन काय, `SIN` आणि `COS` ला रेडियनच कळतात. शंका असेल तर कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये `=SIN(90)` टाकून बघा, १ यायला हवा होता पण 0.894 येतो. एरर येत नाही, चुकीचा आकडा शांतपणे मिळतो, म्हणून ही पायरी वगळायची नाही.

B7 मध्ये रेखांशांचा फरक आहे, आणि तो 'जिथे जायचंय वजा जिथून निघालो' असाच घ्यायचा. अंशात तो उणे १४६.६५ आहे.

निघतानाची दिशा

बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. आता कल्पना करा की तुम्ही मुंबईला उभे आहात आणि दोऱ्याच्या दिशेने बोट दाखवताय. ते बोट थोडं उत्तरेकडे असेल, थोडं पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे. फॉर्म्युला एवढंच करतो, दोन आकडे काढतो, एक पूर्वेकडे किती आणि एक उत्तरेकडे किती. पहिल्याला y म्हणतात, दुसऱ्याला x.

```
B8   =SIN(B7)*COS(B6)
B9   =COS(B5)*SIN(B6)-SIN(B5)*COS(B6)*COS(B7)
B10  =MOD(DEGREES(ATAN2(B9,B8))+360,360)
```

B8 म्हणजे y, आपल्या केसमध्ये -0.4172 येतो. मायनस आहे म्हणजे बोट पश्चिमेच्या बाजूला, बरोबर. B9 म्हणजे x, तो 0.8228 येतो, प्लस आहे म्हणजे उत्तरेकडे, आणि y पेक्षा जवळजवळ दुप्पट आहे, म्हणजे हे बोट पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच जास्त झुकलंय. B10 मध्ये उत्तर 333.11 अंश. उत्तरेपासून डावीकडे जेमतेम २७ अंश.

नवीन माणूस इथे हमखास अडतो, की न्यूयॉर्क तर पश्चिमेला आहे मग आपण उत्तरेला का निघालो. B9 कडे परत बघा, त्यात दुसरा तुकडा वजा केलाय आणि त्यात `COS(B7)` आहे. रेखांशाचा फरक ९० अंशाच्या वर गेला की कोसाइन मायनस होतो, मग मायनसमधून मायनस म्हणजे प्लस, आणि तो तुकडा उत्तरेचा आकडा कमी करायच्या ऐवजी वाढवतो. साध्या भाषेत, आपल्याकडून बघितलं तर न्यूयॉर्क पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला आहे, आणि दोन्ही जागा उत्तर गोलार्धात आहेत, मग डोक्यावरून जाणं कमरेला वळसा घालण्यापेक्षा जवळ पडतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत होकायंत्राचा एकच कोन धरून गेलात, म्हणजे मर्केटर नकाशावरच्या त्या सरळ रेघेने, तर दिशा साधारण २८० अंश येते आणि अंतर साधारण १४,२०० किलोमीटर. दोऱ्याच्या रस्त्याने तेच अंतर १२,५३० च्या आसपास. साडेसोळाशे किलोमीटरच्या वर फरक आहे हा!

ATAN2 च्या दोन खोडी

पहिली खोडी, `ATAN2` च्या जागी साधा `ATAN` वापरणं. काही जण y भागिले x करून `ATAN` घेतात, आणि आपल्या केसमध्ये उत्तर बरोबर पण येतं, म्हणून ती चूक तशीच राहून जाते. ती उघडी पाडायची असेल तर B3, B4 मध्ये मॉरिशस टाका, -20.43 आणि 57.68. आता y पण मायनस आणि x पण मायनस. भागाकार केला की दोन्ही मायनस एकमेकांना खाऊन टाकतात आणि `ATAN` सांगतो 21.43 अंश. मुंबईहून २१ अंशाला निघालात तर जवळजवळ दिल्लीच्या दिशेने जाल, आणि जायचं होतं हिंद महासागरात. `ATAN2` दोन्ही आकड्यांची चिन्हं वेगवेगळी बघतो म्हणून तो बरोबर 201.43 देतो. बरोबर १८० चा फरक आहे, त्यामुळे उत्तर नेमकं उलट्या दिशेला आलं की समजायचं `ATAN` वापरलाय.

दुसरी खोडी जास्त त्रासदायक. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये `ATAN2` ला आधी x द्यायचा, मग y. पायथॉन, जावास्क्रिप्ट आणि बहुतेक प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये आधी y, मग x. कुठूनतरी फॉर्म्युला उचलून शीटमध्ये टाकला की अदलाबदल होते आणि न्यूयॉर्कसाठी 116.89 असं उत्तर येतं, म्हणजे आग्नेयेला, बंगालच्या उपसागराकडे. ओळखायची खूण अशी की चुकीचं उत्तर आणि बरोबर उत्तर यांची बेरीज ९० किंवा ४५० होते, इथे 333.11 आणि 116.89 मिळून बरोबर ४५०. एवढं लक्षात ठेवलं तर शोधाशोध वाचते.

B10 मधला `MOD` कशाला, तर `ATAN2` चं उत्तर उणे १८० ते १८० मध्ये येतं. आपलं -26.89 आलं होतं, त्यात ३६० मिळवून 333.11 केलं. दुसरं काही नाही.

'निघतानाची' दिशा असं का म्हणायचं

कारण ती वाटेत बदलत जाते. दोरा ग्लोबवर सरळ ताणलेला आहे, पण उत्तर दिशा प्रत्येक ठिकाणी वेगळीकडे असते, त्यामुळे दोऱ्याचा उत्तरेशी होणारा कोन सतत बदलतो. मुंबईला तो ३३३ आहे, मधल्या पॉइंटला २९४.५ होतो, म्हणजे वायव्येच्या पलीकडे पश्चिमेकडे झुकलेला, पुढे आइसलंडच्या पूर्वेला, फेरो बेटांच्या उत्तरेला साधारण ६४.७ उत्तर अक्षांशावर रस्ता सगळ्यात वर पोचतो, तिथे दिशा बरोबर पश्चिम, आणि न्यूयॉर्कला उतरताना २१४, म्हणजे नैऋत्य. ३३३ वर एकदा होकायंत्र लावून तसंच धरून बसलात तर न्यूयॉर्क कधीच येणार नाही, सरळ ध्रुवाकडे गुंडाळत जाल.

पोचतानाची दिशा काढायला वेगळा फॉर्म्युला लागत नाही. दोन्ही पॉइंटची अदलाबदल करा, म्हणजे न्यूयॉर्कहून मुंबईला निघायची दिशा काढा, ती येते 34.27, आणि तिच्यात १८० मिळवा, झाले 214.27. पण उलट मात्र करू नका, म्हणजे 'जाताना ३३३, तर परत येताना ३३३ वजा १८० म्हणजे १५३' असं नाही. परत येताना ३४ आहे, १५३ नाही. शहरातल्या शहरात दोन जागांमधे ती युक्ती चालते कारण अंतर छोटं, इथे सपशेल फसते.

मधला पॉइंट

इथे सगळ्यांना पहिला मोह होतो तो सरासरीचा. अक्षांशांची सरासरी २९.८७, रेखांशांची उणे ०.४६, संपलं काम. नकाशावर बघा ही जागा कुठे येते, अल्जीरियात, सहारा वाळवंटात. आणि दोरा तर तिकडे फिरकलाच नव्हता, म्हणजे सरासरी रस्त्यावरचा मध्य देत नाहीये, रस्त्याच्या बाहेरचीच कुठलीतरी जागा देतेय.

बरोबर पद्धत मला आवडते कारण तिच्यामागची कल्पना फार सोपी आहे. पृथ्वीच्या केंद्रात बसा आणि दोन सारख्या लांबीचे बाण काढा, एक मुंबईकडे, एक न्यूयॉर्ककडे. दोन्ही बाणांची बेरीज केली की तिसरा बाण मिळतो, आणि लांबी सारखी असल्यामुळे तो दोघांच्या बरोबर मधून जातो. तो बाण जिथे जमिनीतून बाहेर येईल तो आपला मधला पॉइंट. अंश-अंशांची सरासरी घेण्यापेक्षा बाणांची बेरीज घ्यायची, एवढाच सगळा फरक.

प्रत्येक बाणाचे तीन भाग. एक वरती, उत्तर ध्रुवाकडे किती, तो अक्षांशाचा साइन. दुसरा मुंबईच्या रेखांशाच्या दिशेने आडवा किती, आणि तिसरा त्याच्याशी काटकोनात पूर्वेकडे किती. मुंबईचंच रेखांश शून्य धरलं की मुंबईच्या बाणाला तिसरा भाग नसतोच, म्हणून हिशोब आटोपशीर होतो.

```
B11  =COS(B6)*COS(B7)
B12  =COS(B5)+B11
B13  =DEGREES(ATAN2(SQRT(B12^2+B8^2),SIN(B5)+SIN(B6)))
B14  =MOD(B2+DEGREES(ATAN2(B12,B8))+540,360)-180
```

मॉरिशस टाकलं असेल तर आधी B3, B4 मध्ये न्यूयॉर्क परत भरा. B11 न्यूयॉर्कच्या बाणाचा आडवा भाग, तो -0.6339 येतो, मायनस कारण न्यूयॉर्क पलीकडच्या बाजूला. मुंबईचा आडवा भाग 0.9450. दोघे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि B12 मध्ये उरतो फक्त 0.3111. तिसरा भाग नवीन काढायला लागला नाही, तो B8 मधलाच y आहे, बेअरिंगच्या वेळी काढून झालाय. वरचे भाग मात्र दोघांचेही प्लस, 0.3271 आणि 0.6513, मिळून 0.9784. म्हणजे आडवं बरंचसं कटलं आणि वरचं सगळं साठलं, म्हणून बाण उत्तरेकडे उभा राहिला. रस्ता स्वीडनच्या अंगाला का चढतो याचं उत्तर या तीन आकड्यांत दिसतं, मला तरी ग्लोबपेक्षा इथे ते जास्त स्पष्ट कळलं.

B13 मध्ये अक्षांश येतं 61.99 आणि B14 मध्ये रेखांश 19.59, दोन्ही प्लस. नकाशावर टाका, स्वीडन आणि फिनलंडच्या मधलं बोथनियाचं आखात. पाण्यात.

B14 मधल्या ५४० बद्दल थोडं. बेरीज करता करता रेखांश १८० च्या पुढे किंवा उणे १८० च्या मागे जाऊ शकतं, ते परत जागेवर आणायला हे आहे. आपल्या केसमध्ये त्याने काही बदललं नाही, पण टोकियो ते सॅन फ्रान्सिस्को काढलंत, जिथे रस्ता पॅसिफिकमधे तारीख रेषा ओलांडतो, तर याची गरज पडू शकते. B7 मधे फरक १८० पेक्षा जास्त आला तर घाबरायचं नाही, साइन-कोसाइनला त्याचं काही वाटत नाही, ते आपोआप जवळच्या बाजूनेच जातात.

पायथॉनवाल्यांसाठी हेच सगळं असं, इथे `atan2` मधे y आधी आहे ते बघा:

```python
from math import *
def bearing_mid(a, b, c, d):
    p, q, l = radians(a), radians(c), radians(d-b)
    y = sin(l)*cos(q)
    x = cos(p)*sin(q) - sin(p)*cos(q)*cos(l)
    k = cos(p) + cos(q)*cos(l)
    m = degrees(atan2(sin(p)+sin(q), hypot(k, y)))
    n = (b + degrees(atan2(y, k)) + 540) % 360 - 180
    return degrees(atan2(y, x)) % 360, m, n
print(bearing_mid(19.09, 72.87, 40.64, -73.78))
```

उत्तर तपासायचं कसं

मधला पॉइंट खरोखर मधे आहे का याची परीक्षा एकच, दोन्ही टोकांपासून अंतर सारखं आलं पाहिजे आणि दोन्ही मिळून पूर्ण अंतर झालं पाहिजे. अंतरासाठी ही एक ओळ, सुरुवातीच्या B1 ते B4 वर चालते:

```
=6371*ACOS(SIN(B5)*SIN(B6)+COS(B5)*COS(B6)*COS(B7))
```

मुंबई-न्यूयॉर्क १२,५३२ किलोमीटर येतं. आता B3, B4 मधे मधला पॉइंट टाका, साधारण ६,२६६ आलं पाहिजे. मग B1, B2 मधे न्यूयॉर्क टाकून परत बघा, तेवढंच. नुसतं 'सारखं' पुरत नाही हं, दोघांपासून सारख्या अंतरावर असलेल्या जागा पृथ्वीवर रांगेने आहेत, म्हणून बेरीज पण जुळायला हवी. सहाराची जागा टाकून बघा, तिथे अंतरं पण वेगवेगळी येतात. दिशेसाठी मात्र ग्लोबवरचा दोराच बरा, मुंबईपाशी तो कुठे निघतोय ते डोळ्यांना दिसतं आणि ढोबळ चूक तिथेच पकडली जाते.

हा हिशोब कुठे थांबतो तेही माहीत असावं. पृथ्वी अगदी गोल नाही, विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे, आणि आपण ती गोल धरलीय. त्याने अंतरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक पडते आणि दिशेत अंशाच्या एक-दोन दशांशाएवढी. कुतूहल, शाळेचा प्रोजेक्ट, नकाशावर वाट आखणं, याला पुरेपूर. जमीनमोजणीला नाही, तिथे लंबगोलाची गणितं लागतात.

दुसरं म्हणजे हे ३३३ खऱ्या उत्तरेपासून आहेत, होकायंत्राच्या उत्तरेपासून नाही. मुंबईत दोन्हींत नगण्य फरक आहे म्हणून तो जाणवत नाही, पण न्यूयॉर्कला होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या साधारण १३ अंश पश्चिमेला झुकते. तिथून परतीची दिशा होकायंत्रावर लावायची झाली तर ३४ च्या जागी ४७ च्या आसपास लावावी लागेल.

आणि एक केस अशी की जिथे फॉर्म्युल्याला उत्तरच नाही. दोन जागा पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध टोकांना असतील तर दोन्ही बाण एकमेकांना पूर्ण कापतात, बेरीज शून्य, आणि कुठल्याही दिशेने निघालात तरी अंतर तेवढंच. शीट मात्र कुठलातरी आकडा दाखवतेच, दशांशाच्या शेपटीतल्या कचऱ्यातून आलेला. म्हणून अंतर २०,००० किलोमीटरच्या जवळ आलं की आधी अक्षांश जरासं हलवून बघा, दिशा एकदम उडी मारत असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.